कच्ची वही आणि सहा आठवड्यांचं पत्र

आमच्या कंपनीत मी आजवर शेकड्याने पत्रं लिहिली असतील, पण लोकांच्या लक्षात एकच राहिलं आहे, आणि ते माझ्या सासूबाईंनी लाल पेनाने तपासलेलं होतं. ही गोष्ट मी ऑफिसात लपवून ठेवणार होते. ती कशी फुटली ते पुढे येईलच.

मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. हे नक्की काय काम असतं ते दहा वर्षांत मला ना माहेरी समजावता आलं ना सासरी. वस्तू बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि वस्तू चालली नाही की दोघेही ज्या बाईकडे बोट दाखवतात ती मी, असं म्हटलं की लोकांना साधारण पटतं. कंपनी सिंगापूरला, आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी आम्ही एक पांढरी डबी बनवत होतो. साबणाच्या वडीएवढी, भिंतीवर चिकटवायची. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरासाठी.

डबीचं काम सोपं होतं. खोलीत उबदार अंगाचं माणूस हललं की तिच्यातला हिरवा दिवा लुकलुकतो. दिवसा सलग दोन तास काहीच हललं नाही तर ती वाजते. घरातल्या माणसाने दहा मिनिटांत बटण दाबलं तर ठीक, नाही तर वस्तीतल्या ज्येष्ठांच्या केंद्राला फोनवर निरोप जातो आणि कुणीतरी धावतं. बेडोकमधल्या एका इमारतीतली चाळीस घरं आमच्या पायलटसाठी तयार झाली होती. पायलट म्हणजे खऱ्या माणसांकडे छोट्या प्रमाणावर करून बघणं. तिथले स्वयंसेवक तेव्हा रोज सकाळी दारोदार जाऊन टकटक करत आणि आजी-आजोबा उठले का ते बघत. डब्या बसल्या की ही टकटक रोजची बंद होऊन आठवड्यातून एकदा होणार होती. केंद्राला माणसं कमी पडत होती, त्यामुळे त्यांना आमच्यापेक्षा जास्त घाई होती.

पायलटच्या आधी सहा आठवडे घरगुती चाचणी. त्यासाठी म्हातारी माणसं कुठून आणायची यावर मी एक युक्ती काढली आणि मीटिंगमध्ये स्वतःवर बेहद्द खूश झाले. आमच्याच लोकांचे आईवडील. कुणाचे जवळ राहतात, कुणाचे गावाहून आलेले. परवानग्या सोप्या, खर्च नाही, आणि काही बिनसलं तर मुलगा रोज ऑफिसात भेटतोच. आठ घरं मिळाली. त्यातलं एक आमचं, वुडलँड्समधलं भाड्याचं घर, कारण सासूबाई तेव्हाच सांगलीहून आल्या होत्या.

सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. तीस वर्षं त्या एका ज्युनियर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. मुलांना प्रॅक्टिकल करून दाखवायचं आणि जर्नल तपासायचं. आपल्याकडे प्रॅक्टिकल कसं होतं हे विज्ञान शाखेला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. लंबकाचा प्रयोग असेल तर उत्तर नऊ पूर्णांक आठच्या आसपास यायला हवं, म्हणून मुलं आधी उत्तर लिहितात आणि मग वरची रीडिंगं जुळवतात. सासूबाईंनी अशी जुळवलेली रीडिंगं वासावरून ओळखण्यात हयात घालवली. फार सुंदर रीडिंग दिसलं की त्या पानावर लाल पेनाने आडवी रेघ मारून लिहीत, ‘पुन्हा करा’. माझ्या नवऱ्याला, म्हणजे पोटच्या पोरालासुद्धा, त्यांनी हे दोनदा लिहिलं होतं, आणि तो अजून ते विसरलेला नाही.

माझ्याशी त्यांचं वाकडं नव्हतं, पण कौतुक नावाचा पदार्थ आमच्यात कधी शिजला नाही. मी पुरणपोळी केली की त्या म्हणत, “चांगली भाजली आहेस, पण पुरण जरा कमी वाटलं.” मला बढती मिळाली तेव्हा म्हणाल्या, “मग आता आणखी उशिरा येशील.” मीही चिडून त्यांना मोजकंच सांगायचे. डबी लावताना मात्र मला एक वाक्य जास्त बोलायची दुर्बुद्धी झाली. मी म्हटलं, “आई, ही माझी डबी आहे. ही नीट चालली तर माझं नाव होईल.”

पहिल्या आठवड्यात आमची डबी तीनदा विनाकारण वाजली. दुसऱ्या आठवड्यापासून एकदाही नाही. बाकीच्या घरांतही साधारण तसंच. मी मोठ्या रुबाबात मीटिंगमध्ये सांगितलं, की सुरुवातीची अडखळ संपून उपकरण आता घरात रुळलं आहे. उपकरण काही रुळलेलं नव्हतं. पण विक्री विभागाच्या साहेबांनी, जे आपले दादरचेच, त्या दिवशी बॅनर छापायला टाकला. त्यावर पायलटच्या उद्घाटनाची तारीखसुद्धा घातली.

तारखेला तीन आठवडे राहिले होते तेव्हा मला सर्दी झाली आणि मी दुपारीच घरी आले. गजांचं लोखंडी गेट उघडून आत शिरते तो हॉलच्या पडद्याकडे लक्ष गेलं. पडदा गोळा करून, पीळ देऊन, एका पांढऱ्या नाडीने खिडकीच्या गजाला करकचून बांधलेला होता. नाडी परकराची होती. मी विचार करते आहे तोवर आतल्या खोलीत गजराचं घड्याळ वाजलं. सासूबाई डोळे चोळत बाहेर आल्या, डबीसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात वर करून तिला तीनदा टाटा केलं आणि पुन्हा झोपायला निघाल्या. मग त्यांना मी दिसले.

तीस वर्षं पोरांना पकडणाऱ्या माणसाचा चेहरा स्वतः पकडलं गेल्यावर कसा होतो, हे मी पाहिलेलं आहे. मला फार मजा आली, हे कबूल करते.

“आई, हे काय चाललंय?”

“काही नाही. पाणी प्यायला उठले होते.”

“गजर लावून?”

त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं. मग प्रयोगशाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “मला दुपारी अडीच तास झोप लागते. तुझी डबी दोन तासांत बोंबलते. माझ्या झोपेने तुझी डबी नापास झाली असं मी म्हणवून घेऊ का? पावणेदोन तासांनी उठते, हात हलवते, परत झोपते. त्यात कुणाचं काय बिघडलं?”

“आणि पडदा?”

त्या आत वळल्या. मग आतून दोन वह्या घेऊन आल्या. एक मला माहीत होती. रोज डबी कशी वागली ते लिहायला ऑफिसने आठही घरांना दिलेली, आणि दर शुक्रवारी मी तिचे फोटो काढून नेत असे. सुवाच्य अक्षर, दुसऱ्या आठवड्यापासून सगळीकडे ‘ठीक’. दुसरी वाण्याकडची दोनरेघी होती. प्रयोगशाळेची सवय अशी जात नाही. त्यांनी कच्ची वही वेगळी ठेवली होती आणि कच्च्या वहीत खोटं लिहायचं नाही हा त्यांचा तीस वर्षांचा धर्म होता. मी सोफ्यावर बसून ती वाचली. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी लिहिलं होतं: ‘९.१० ते ११.४० खाली बाजारात. घरी कुणी नाही. परत आले तेव्हा गेटबाहेरूनच दिवा लुकलुकताना दिसला. गेट न उघडता उभी राहिले. दहा मिनिटांत चौदा वेळा. पंखा चालू राहिला होता, पडदा हलत होता, पडद्यावर ऊन.’ बुधवारी: ‘पंखा बंद करून गेटबाहेर उभी. शून्य वेळा.’ गुरुवारी: ‘पंखा चालू, पडदा बांधला. शून्य.’ आणि त्याखाली: ‘पडदा बांधून ठेवावा. सुनेला सांगू नये.’

म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत सहा इंजिनियरांना जे सापडलं नव्हतं ते या बाईंनी तीन दिवसांत शोधलं, पद्धतशीर सिद्ध केलं, आणि नाडीने बांधून लपवलं. आमची प्रयोगशाळा वातानुकूलित, तिथे ना पंखा ना पडदा ना ऊन. सकाळच्या उन्हात तापलेलं कापड पंख्याने हललं की डबीला ते हलणारं उबदार माणूस वाटत होतं.

मी लॅपटॉप उघडून त्या मंगळवारची डबीची नोंद काढली. डबीचं म्हणणं होतं की सकाळी नऊ ते बारा सासूबाई घरात येरझाऱ्या घालत होत्या. त्या तेव्हा खाली कोथिंबिरीचा भाव करत होत्या.

हसू आलं, आणि हसता हसता मी थांबले. चुकून वाजणारी डबी त्रासदायक असते. पण बेडोकमध्ये कुणी आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी पडले, पंखा चालू राहिला, पडदा हलत राहिला, तर ही डबी दिवसभर सांगत राहणार की आजोबा मजेत आहेत. आणि तोवर दारावरची टकटक आम्हीच बंद केलेली असणार.

“तुम्ही मला सांगितलं का नाही?” मी विचारलं. या वेळी माझा आवाज खरोखर चढला होता.

“तू म्हणालीस, माझं नाव होईल,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझ्यामुळे ते कशाला राहावं.”

मला काय वाटलं ते सांगायचं तर एकाच वेळी त्यांचा गळा धरावा आणि गळ्यात पडावं असं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या एका इंजिनियरला गाठलं, त्याचं घरही त्या आठांत होतं. हा इथलाच मुलगा, आंग मो किओतच वडिलांबरोबर राहणारा, वडील निवृत्त टॅक्सीवाले. मी म्हटलं, घरी विचार, पण रागावू नकोस. जेवणाच्या सुट्टीनंतर तो लांब चेहरा करून आला. वडील रोज सकाळी खालच्या कॉफीच्या दुकानात मित्रांबरोबर तीन तास बसत. गेले पाच आठवडे ते गेलेच नव्हते. घर रिकामं राहिलं तर डबी वाजेल आणि मुलाची अब्रू जाईल म्हणून घरात बसून टीव्ही बघत होते, आणि मित्रांना त्यांनी गुडघा दुखतो असं सांगितलं होतं.

आठपैकी पाच घरांत असाच काही ना काही प्रकार निघाला. एका आईने डबीसमोरच जपाची माळ ओढायची सवय लावून घेतली होती. आम्ही उपकरणाची परीक्षा घेतली असं समजत होतो. प्रत्यक्षात आईबाप पोरांच्या जागी पेपर लिहून आले होते, आणि ही युक्ती माझी होती.

आता दोन रस्ते होते. एक, पडद्यावर गुपचूप काहीतरी उपाय करायचा आणि तारीख पाळायची. दुसरा, वरच्यांना लिहायचं की माझी चाचणी रद्द धरा आणि मला आणखी वेळ द्या. पहिल्या रस्त्याने जावं असं मला एक अख्खा दिवस वाटत होतं, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. कच्च्या वहीने मला ते करू दिलं नाही. ती टेबलावरच पडलेली असायची.

पत्र मी घरी बसून लिहिलं. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. सुरुवातीला प्रकल्पाची पार्श्वभूमी, मग आजवरच्या यशाचा आढावा, मग ‘काही निरीक्षणं’, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, कुणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने, सहा आठवड्यांची विनंती. सासूबाई म्हणाल्या, “दाखव.” त्यांचं इंग्रजी जर्नल तपासण्यापुरतं उत्तम आहे. त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. हे पेन त्यांनी सिंगापूरला कशासाठी आणलं होतं, मला माहीत नाही.

पहिली दोन पानं त्यांनी आडव्या रेघेने उडवली. “काय हवंय ते पहिल्या ओळीत लिही. परीक्षक दमलेला असतो.”

मी लिहिलं, की पायलट सहा आठवडे पुढे न्यावा अशी माझी विनंती आहे.

“सहाच का? पाच का नाही?”

मी सांगितलं. दोन आठवडे दुरुस्तीला. चार आठवडे दहा नव्या घरांत चाचणी, ज्या घरांचं आमच्या कुणाशीही नातं नाही. त्या काळात टकटक चालूच राहणार, म्हणजे डबीवर कुणाचा जीव अवलंबून नसेल.

“मग हे लिही. आणि पास कधी म्हणायचं ते आधीच लिही. मागून ठरवलंस तर तूही रीडिंग जुळवशील.”

ते वाक्य मला झोंबलं, कारण खरं होतं. मी लिहिलं: दहाही घरांत माणूस बाहेर ठेवून, पंखा-पडदा-कपडे जसे असतील तसे ठेवून डबी दोन तासांनी वाजलीच पाहिजे, एकदाही चुकता कामा नये. विनाकारण वाजणं एका घरात आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको, नाहीतर स्वयंसेवक कंटाळून फोन बंद ठेवतील. हे जमलं नाही तर आम्ही आपोआप पुढे जाणार नाही, पुन्हा तुमच्यासमोर येऊ. उशिराने काय बिघडेल तेही लिहिलं: केंद्राच्या लोकांचं प्रशिक्षण पुढे जाईल, त्यांची माणसांची अडचण आणखी सहा आठवडे राहील, बॅनरवरची तारीख चुकेल.

दोष कसा सापडला त्या जागी मी लिहिलं होतं, ‘एका चाचणीघरात असं आढळलं’. सासूबाईंनी त्याखाली रेघ ओढली.

“कुठलं घर?”

“आई, राहू दे ना. तुमचं नाव कशाला मधे आणायचं?”

“नाव नको आणूस. पण ‘माझ्या घरी, माझ्या सासूने’ असं लिही. आणि घरं निवडायची कल्पना माझी होती, हेही लिही. म्हणजे तुझी.” मग पेनाचं टोपण लावत म्हणाल्या, “आता जरा बरं झालं आहे. शेवट मात्र लांबला.”

एक पान झालं. मी ते सोमवारी सकाळी पाठवलं आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, आणखी किती महिन्यांचा आहे ते उगाचच काढून बघितलं.

दुपारी बोलावणं आलं. आमच्या विभागप्रमुख बाई इथल्याच, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. कॉफीच्या कपाला त्या कधी झाकण लावत नाहीत आणि कधी सांडतही नाहीत. विक्रीचे साहेब आधीच बसले होते.

“अगं, पायलट म्हणजे चाचणीच की,” ते मला मराठीत म्हणाले, बाईंना कळू नये म्हणून. मग तेच इंग्रजीत बाईंना सांगितलं. डब्या लावू, चुका निघतील तशा सुधारू, सगळे असंच करतात. पाहुणे ठरले आहेत, बॅनर छापला आहे.

हा मुद्दा फालतू नव्हता. मी म्हटलं, “चाचणीत डबी चुकली तर आपल्याला चूक सापडते. पायलटमध्ये डबी चुकली तर दाराशी टकटक करणारा तोवर घरी गेलेला असतो. तेवढाच फरक आहे.”

साहेब म्हणाले, एका सासूच्या पडद्यावरून तारीख बदलायची का. बाईंनी माझं पत्र पुन्हा वाचलं. मग मला विचारलं, “शनिवारी सकाळी तुझ्या घरी ऊन येतं?”

शनिवारी बाई आल्या त्या केळीच्या पानातला भात आणि तळलेले मासे घेऊन, आणि आमच्याकडे शनिवारी मासे चालत नाहीत हे सांगायचा धीर मला झाला नाही. सासूबाईंनी हसून पुडकं घेतलं आणि न उघडता फ्रिजवर ठेवलं. मग नाडी सोडली, पंखा लावला, पडदा फुगून हलायला लागला. हॉलच्या मधोमध चटई टाकून त्या आडव्या झाल्या. मी उशी आणली तर म्हणाल्या, “पडलेल्या माणसाला उशी कोण देतं?”

खोलीत दुसरं कुणी नको म्हणून बाई आणि मी बाहेर कॉमन कॉरिडॉरमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसलो, बंद गेटसमोर, हातात चहाचे कप. नऊ वीस झाले होते. गेटच्या गजांतून सासूबाई दिसत होत्या, अगदी निश्चल. भिंतीवरचा हिरवा दिवा खुशाल लुकलुकत होता.

जेमतेम दहा मिनिटं झाली असतील. शेजारची चिनी आजी भाजीची ढकलगाडी ओढत आली. तिने आमच्याकडे पाहिलं, गेटमधून आत पाहिलं, आणि गाडी तिथेच सोडली.

“एह, आंटी फॉल डाउन ऑलरेडी,” ती ओरडली, “यू ऑल स्टिल ड्रिंक टी आह?”

तिला समजावेपर्यंत तिने गेट हलवायला सुरुवात केली होती. आतून सासूबाई, मान न हलवता, ओठांच्या कोपऱ्यातून मराठीत म्हणाल्या, “तिला सांग मी जिवंत आहे. आणि गेट हलवू नको म्हणावं, रीडिंग बिघडेल.” मी भाषांतर केलं. आजीला ते पटलं नाही. ती घरातून स्वतःचं स्टूल घेऊन आली आणि आमच्यावर लक्ष ठेवायला शेजारी बसली.

दोन तास आम्ही तिघी तशाच बसलो. मध्ये एक ढग आला, दिवा थांबला, आणि मी स्टुलावरून अर्धी उठले, कारण माझी डबी नेमकी आत्ताच नीट चालली तर मी तोंड कुठे लपवणार होते. स्वतःची वस्तू चुकावी म्हणून देवाचं नाव घेण्याची वेळ माझ्यावर एवढीच आली. ढग गेला. अकरा वीस झाले, साडेअकरा झाले. डबी वाजली नाही. बाईंच्या हातातल्या फोनवर लिहिलेलं होतं, की घरातली व्यक्ती हिंडती-फिरती आहे.

बाईंनी शेजारच्या आजीकडे पाहिलं. “तिला पाहायला एक सेकंद लागला,” एवढंच म्हणाल्या.

सासूबाई कंबर धरत उठल्या. आधी कच्च्या वहीत लिहिलं: ‘९.२० ते ११.३०. वाजली नाही.’ मग ऑफिसची ती पक्की वही काढली, आठवड्यांमागून आठवडे सुवाच्य ‘ठीक’ असलेली. एकेका पानावर लाल आडवी रेघ मारत गेल्या आणि शेवटच्या पानावर दोन शब्द लिहून खाली सही केली. बाईंनी मला विचारलं, काय लिहिलं.

“पुन्हा करा,” मी सांगितलं. आणि ते लाल पेन माझ्या पत्रावरही फिरलं होतं हेही सांगून टाकलं, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाईंनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “देन व्हाय यू राइट वन होल पेज?”

सहा आठवडे मिळाले. केंद्राला तसं पत्र बाईंनी स्वतः लिहिलं. बॅनरवरच्या तारखेवर साहेबांनी पट्टी चिकटवली. सासूबाई रविवारी पुन्हा चटईवर झोपल्या, पडदा बांधून, कारण तुलना केल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही, आणि त्या वेळी डबी बरोबर दोन तासांनी वाजली. पुढच्या आठवड्यात त्या सांगलीला परत गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, “पत्र बरं होतं. शेवट लांबला होता, पण बरं होतं.” मी ते जपून ठेवलं आहे.

आम्ही डबीची जागा बदलली, ती खिडकीकडे बघणार नाही अशी, आणि आतला हिशोब थोडा कडक केला. मग बेडोकच्या त्याच इमारतीतली दहा घरं घेतली. तिथल्या कुणाचंच आमच्यावर प्रेम नव्हतं, त्यामुळे आठवडाभरात आणखी तीन दोष निघाले.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी केंद्रातून फोन आला. त्या दहांपैकी एका घरातले आजोबा पडले होते. त्यांनी घरातच कपडे वाळत घातले होते, समोर टेबलफॅन लावला होता, कपड्यांवर ऊन होतं, आणि त्या सगळ्यापलीकडे ते मोरीच्या दाराशी पडले होते. डबी वाजली नव्हती. ती वाजायची वेळही धड झाली नव्हती, आणि नंतर नोंद बघितली तर ती वाजणारही नव्हती. दहा वाजता नेहमीप्रमाणे टकटक झाली, आतून कण्हणं ऐकू आलं, आणि स्वयंसेवकांनी दार उघडवलं. आमची मूळ तारीख तोवर महिनाभर मागे गेली होती. ती पाळली असती तर टकटक आठवड्यातून एकदाच झाली असती, आणि त्या दारावर त्या दिवशी बहुधा कुणीच आलं नसतं.

आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. ते वाचले, काठी घेऊन घरी आले आणि सगळा दोष डबीला दिला, जो तिचाच होता. सहा आठवडे संपले तेव्हा आम्ही पास नव्हतो. मी दुसरं पत्र लिहिलं. या वेळी ते चार ओळींचं होतं.

आजोबा पडल्याचं कळलं त्याच दिवशी मी सांगलीला फोन लावला होता. सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी होऊ दिली. मला वाटलं, आता विचारतील आजोबा कसे आहेत, किंवा मी कशी आहे.

“हे कुठल्या वहीत लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“पक्क्या,” मी म्हटलं.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या, आणि पुढे ‘पण’ म्हणाल्या नाहीत.